ग्रीन पेपर सील आणि स्ट्रिप सील: साहित्याच्या यादीतील दोन ओळी ज्यांचा हिशेब एकत्र होत नाही

ठाणे आणि नवी मुंबईतील साहित्य वाटप केंद्रांवर मतदानाच्या आदल्या दिवशी दिसणारे एक दृश्य मला अस्वस्थ करते. पथकातील एक जण छापील यादी वाचतो, दुसरा पिशवीतून पाकिटे काढून दाखवतो, आणि ‘सील’ हा शब्द आला की हिरव्या व पांढऱ्या पट्ट्यांचा सगळा गठ्ठा एकदमच वर करून यादीवर बरोबरची खूण केली जाते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच पथकाचे केंद्राध्यक्ष नमुना १७-सी समोर घेऊन बसतात, आणि पेपर सीलच्या रकान्यात कोणते क्रमांक लिहायचे याबद्दल चार जणांची चार मते निघतात. हा गोंधळ निवडणुकीमागून निवडणुकीत तसाच चालू आहे, म्हणून या दोन सीलमधला फरक सविस्तर मांडतो. पुढील सर्व मजकूर लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीपुरता आहे. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्याच्या सूचना वेगळ्या असतात, त्यामुळे तेथे हा लेख जसाच्या तसा लावू नये.

ग्रीन पेपर सील बहुतेकांना चांगले ठाऊक असते, कारण प्रशिक्षणात त्याचे प्रात्यक्षिक होते. अभिरूप मतदान संपले, कंट्रोल युनिट क्लिअर करून शून्य दाखवले आणि व्हीव्हीपॅटमधील अभिरूप मतदानाच्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात ठेवल्या, की हे सील निकाल कप्प्याच्या आतल्या झडपेवरील चौकटीत बसवतात. त्याच्या पांढऱ्या बाजूवर केंद्राध्यक्ष सही करतात, हजर असलेल्या व इच्छुक मतदान प्रतिनिधींच्या सह्या घेतात, आणि हिरवी बाजू खिडकीतून दिसेल अशी ठेवतात. एवढे सर्वांना येते, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

स्ट्रिप सील, ज्याला सगळे एबीसीडी सील म्हणतात, ते बाहेरचे आहे. आतली झडप स्पेशल टॅग, दोरा आणि लाखेने बंद होते, बाहेरची झडप मिटते, आणि ग्रीन पेपर सीलची टोके बाहेर लोंबत राहतात. ती टोके ए, बी आणि सी या गोंद लावलेल्या भागांत पकडून पट्टी कंट्रोल युनिटभोवती फिरवायची आणि डी भागाने शेवट चिकटवायचा, असा त्याचा क्रम आहे. ही पट्टी क्लोज बटणावरून जाता कामा नये. संध्याकाळी ते बटण दाबल्याशिवाय मतदान बंद होत नाही, आणि पट्टी त्यावर चिकटली असेल तर सर्व प्रतिनिधींसमोर ती फाडण्याची वेळ येते.

खरी अडचण चिकटवण्यात नसून कामात आणि कागदात आहे. ग्रीन पेपर सील निकालाच्या बटणावर असते. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ४९-ई असे सांगतो की, सील मोडल्याशिवाय निकालाचे बटण दाबता येणार नाही अशा रीतीने ते लावलेले असावे, आणि म्हणूनच मतमोजणीच्या टेबलावर हे सील भोसकूनच ते बटण दाबले जाते. स्ट्रिप सीलचे काम वेगळे आहे. बाहेरची झडप दिवसभर कोणी उघडली नाही आणि आतल्या सीलची टोके कोणी ओढली नाहीत, याची साक्ष ते देते. मोजणीच्या दिवशी आधी स्ट्रिप सील निघते, मग झडप उघडते आणि मग हिरव्या सीलचा क्रमांक वाचला जातो. दोन्ही कागदाच्या पट्ट्या आहेत, दोन्हींवर क्रमांक छापलेला आहे आणि दोन्ही एकाच पाकिटात हाती पडतात, एवढ्यामुळेच ती एकाच जातीची वाटतात.

कागदावरील फरक यातूनच येतो. नमुना १७-सी, म्हणजे नोंदवलेल्या मतांचा हिशेब, यात ‘पेपर सीलचा हिशेब’ असा भाग आहे. तेथे पुरवलेली सील व त्यांचे क्रमांक, वापरलेली, न वापरता परत केलेली आणि खराब झालेली, असे चार आकडे लागतात. हा हिशेब केवळ ग्रीन पेपर सीलचा आहे. स्ट्रिप सील आणि स्पेशल टॅग यांच्या नोंदी केंद्राध्यक्षांच्या दैनंदिनीत वेगळ्या होतात, १७-सीमध्ये नव्हेत. दैनंदिनीत पेपर सीलचे क्रमांकही असतात, त्यामुळे दैनंदिनी भरताना तिन्ही ओळी एकाखाली एक दिसतात आणि तोच नमुना डोक्यात घेऊन १७-सी भरला जातो. माझ्या मते चूक येथेच होते.

एक उदाहरण घेऊ. ऐरोलीतील एका शाळेतील केंद्राला समजा ग्रीन पेपर सील ०१४५२१ ते ०१४५२४ अशी चार मिळाली आणि स्ट्रिप सील ३३०७ व ३३०८ अशी दोन मिळाली. सकाळी ०१४५२१ चौकटीत सरकवताना कडेला फाटले. फाटलेले सील लावायचे नसते, म्हणून ते बाजूला ठेवून ०१४५२२ वर पुन्हा सह्या घेऊन ते बसवले. स्ट्रिप सील ३३०७ लागले. संध्याकाळी १७-सीमध्ये असे लिहायचे: पुरवलेली ४, क्रमांक ०१४५२१ ते ०१४५२४, वापरलेले १, क्रमांक ०१४५२२, परत केलेली २, क्रमांक ०१४५२३ व ०१४५२४, खराब झालेले १, क्रमांक ०१४५२१. एक, दोन आणि एक मिळून चार होतात, हिशेब जुळतो. आता ज्यांनी ‘सील’ म्हणून सहाचा गठ्ठा मोजला होता, त्यांच्याकडे पुरवलेली ६ आणि वापरलेली २ असे येते. बेरीज त्यांचीही जुळते, म्हणून चूक लक्षात येत नाही, आणि मग ३३०७ हा स्ट्रिप सीलचा क्रमांक पेपर सील म्हणून कायम कागदावर राहतो.

याचा परिणाम आपल्या केंद्रावर दिसत नाही, तो मोजणीत दिसतो. नियम ४९-एसप्रमाणे १७-सीची प्रत हजर प्रतिनिधींना द्यावी लागते, आणि नियम ५५-सीप्रमाणे मोजणीपूर्वी पेपर सील व इतर महत्त्वाची सील शाबूत असल्याची खात्री मोजणी प्रतिनिधींसमोर करावी लागते. त्या वेळी प्रतिनिधी हातातील प्रत आणि यंत्रावरील क्रमांक ताडून पाहतो. क्रमांक जुळला नाही तर यंत्र बाजूला ठेवून बाब निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जाते, आणि मतदान अगदी चोख झालेले असतानाही त्या केंद्रावर संशय येतो. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेचे मतदान ज्यांनी घेतले त्यांना आठवेल की, मोजणी अवघ्या तीन दिवसांनी, २३ तारखेला होती. मध्ये दुरुस्तीला जागा नसते आणि असूही नये.

म्हणून वाटप केंद्रावर यादी तपासताना माझा आग्रह असा आहे की, या दोन वस्तूंवर फक्त बरोबरची खूण करू नये. वहीच्या एका पानावर डावीकडे ग्रीन पेपर सीलचे सर्व क्रमांक आणि उजवीकडे स्ट्रिप सीलचे सर्व क्रमांक पुरते लिहून घ्यावेत, ‘पासून–पर्यंत’ लिहूनही प्रत्येक पट्टी उलटून पाहावी, कारण मधला एखादा क्रमांक नसेल तर तो तेथेच मागता येतो. दोन्ही वेगवेगळ्या पाकिटांत ठेवावीत. उरलेली ग्रीन पेपर सील सकाळी काम झाले म्हणून टेबलावर सोडू नयेत: दुपारी कंट्रोल युनिट बिघडले तर पूर्ण संच बदलून नव्या यंत्रावर पुन्हा अभिरूप मतदान घ्यावे लागते, आणि त्या यंत्राला नवे पेपर सील लागते. तसे झाले तर वापरलेली दोन होतील आणि दोन्ही क्रमांक १७-सीमध्ये येतील. संध्याकाळी न वापरलेली व खराब झालेली पेपर सील, तशीच स्ट्रिप सील, असांविधिक म्हणजे पिवळ्या पाकिटात, पण प्रत्येकाच्या स्वतःच्या लहान लिफाफ्यात जातात. गुलाबी पेपर सील हा तिसरा प्रकार अभिरूप मतदानाच्या चिठ्ठ्यांच्या प्लास्टिक डब्यासाठी असतो, त्याला या हिशेबात ओढू नये.

बाकीच्या साहित्याबद्दल थोडक्यात. १७-ए नोंदवही, चिन्हांकित मतदार यादी, प्रदत्त मतपत्रिका आणि न पुसणारी शाई ही चार आहेत याची खात्री तेथेच करावी, कारण ती बाजारात मिळत नाहीत. लाख, मेणबत्ती, काडेपेटी, दोरा आणि ब्लेड पिशवीत असतात, तरी काडेपेटी स्वतःची ठेवावी. सह्यांसाठी बॉलपेनच घ्यावे. आपल्याकडच्या खाडीकाठच्या दमट हवेत जेल पेनची सही पेपर सीलच्या कागदावर पसरते आणि प्रतिनिधी हरकत घेतो. सीलवर सेलोटेप लावण्याची सवय मला अजिबात मान्य नाही. टेपखालचे सील फाटले आहे की नाही ते कोणालाच सांगता येत नाही, मग सील लावण्याचा उपयोग काय राहिला? १७-सीच्या प्रतींसाठी कार्बन पेपर जास्त घ्यावेत, कारण शहरातील केंद्रावर प्रतिनिधी पुष्कळ असतात.

स्वतःच्या पिशवीत नियुक्तीपत्र, ओळखपत्र आणि निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र वेगळ्या कप्प्यात असावे. रोजची औषधे दोन दिवसांची घ्यावीत, कारण रात्री शाळेतून बाहेर पडता येत नाही. चादर, डासांसाठी मलम, चार्जर आणि लहान टॉर्च घ्यावी. लाख लावताना व क्रमांक वाचताना वर्गातील दिव्याचा उजेड पुरत नाही. मे महिन्यात ड्युटी असेल तर पाण्याच्या दोन बाटल्या आणि घाम पुसायला रुमाल लागतो, आणि त्या रुमालाने हात कोरडे केल्याशिवाय पेपर सीलला हात लावू नये. साहित्य जमा होईपर्यंत ठाणे–वाशी मार्गावरची शेवटची लोकल बहुधा गेलेली असते, तेव्हा परतीची सोय सहकाऱ्यांशी आधीच ठरवून ठेवावी.

साहित्य स्वीकृती केंद्रावर रांगेत लागण्यापूर्वी वहीतील ते पान उघडून डावीकडचे क्रमांक १७-सीशी आणि दोन्ही बाजूंचे क्रमांक दैनंदिनीशी एकदा वाचून पाहावेत. हे वाचन दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावे, ज्याने लिहिले त्यानेच वाचू नये.