कोटेशनांचा भारित तुलनात्मक तक्ता

एकाच वस्तूसाठी आलेली कोटेशने सारख्या पायावर आणून, ठरलेल्या निकषांना भार देऊन गुण मांडण्याचा खरेदी विभागातील तक्ता. निकष आणि त्यांचे भार पाकिटे उघडण्यापूर्वीच लिहून ठेवतात, कारण दर पाहिल्यावर ठरवलेला भार बहुधा आवडत्या पुरवठादाराच्या बाजूने झुकतो.

खरे काम गुण देण्याचे नसून दर एका पातळीवर आणण्याचे असते. समजा, एका लघुउद्योगाला स्क्रू कॉम्प्रेसर घ्यायचा आहे. ‘अ’चा दर 5,00,000 रुपये, पण एक्स-वर्क्स, म्हणजे माल त्याच्या कारखान्यातून उचलायचा, आणि पूर्ण रक्कम आगाऊ. ‘ब’चा 6,19,500, सर्व करांसह पोच. ‘क’चा 5,60,000 पोच, जीएसटी वेगळा. ‘ब’ आणि ‘क’ यांच्या दरात उभारणी धरलेली असून पैसे माल मिळाल्यावर द्यायचे आहेत. कारखान्याला जीएसटीचे इनपुट क्रेडिट मिळत असल्याने तुलना कर वगळून करायची. ते न मिळणाऱ्या गृहनिर्माण संस्थेने मात्र कर धरूनच करावी. 18 टक्के कर काढल्यावर ‘ब’ 5,25,000 वर येतो. ‘अ’मध्ये पॅकिंग 10,000, वाहतूक 12,000, उभारणी 15,000 आणि आगाऊ रकमेवरचे महिन्याचे सुमारे 5,000 व्याज मिळवले की 5,42,000 होतात. वरवर सर्वांत स्वस्त दिसणारा पुरवठादार दुसऱ्या क्रमांकावर जातो.

येथे भार असे धरले आहेत: दर 50, वीजवापर 20, सेवा व वॉरंटी 20, पोच-मुदत 10. दराचे गुण काढताना सर्वांत कमी दराला त्या-त्या दराने भागून 50 ने गुणतात. त्यानुसार ‘अ’ 48.4, ‘ब’ 50, ‘क’ 46.9. उरलेल्या 50 पैकी त्यांना अनुक्रमे 34, 36 आणि 42 मिळाले, तर बेरीज 82.4, 86 आणि 88.9 होते, ‘क’ पुढे राहतो.

सर्वांत महागाला शून्य आणि सर्वांत स्वस्ताला पूर्ण गुण देणारे सूत्रही वापरले जाते, पण ते येथे घातक ठरते: केवळ 35,000 रुपयांच्या फरकासाठी ‘क’चे दराचे सगळे गुण जातात आणि निकाल उलटतो. वीजवापराचे आकडे एकाच दाबाला, तेवढ्याच हवेसाठी मोजलेले नसतील, तर त्या निकषाचे गुण व्यर्थ. जास्तीच्या वॉरंटीची किंमत दरात समायोजित केली असेल, तर तिला पुन्हा गुण देऊ नयेत. हा दुहेरी हिशेब तक्त्यांत फार आढळतो. किमान क्षमतेसारख्या अनिवार्य अटींना तर गुण नसतातच. त्या पूर्ण न करणारे कोटेशन तक्त्यात येण्याआधीच बाद होते, नाहीतर स्वस्ताई त्या उणिवेवर पांघरूण घालते.

शेवटी भार हलवून पाहतात. बाकीचे भार त्याच प्रमाणात घटवून दराचा भार 60 केला तरी ‘क’ जेमतेम पुढे राहतो, 70 केला की ‘ब’ जिंकतो. दोन-तीन गुणांचे अंतर असेल तेव्हा तक्त्यावर विसंबण्याऐवजी दोघांशीही वाटाघाट करणे बरे.