दिवसाला चार तास: अर्धवट राहिलेल्या कार्यक्षमतेला पेन्शन कसे मिळाले, त्याची पार्श्वभूमी

अपंगत्व विम्याचे कायदे दोन टोकांच्या माणसांसाठी सोपे असतात. ज्याला काहीच करता येत नाही त्याला पेन्शन द्यायचे आणि जो धडधाकट आहे त्याला द्यायचे नाही, यावर फारसा वाद कधी झाला नाही. गुंता आहे तो मधल्या माणसाचा. हृदयविकारानंतर, मणक्याच्या दुखण्याने, मल्टिपल स्क्लेरोसिसने किंवा दीर्घ नैराश्याने जो दिवसाला चार तास काम करू शकतो पण आठ तास करू शकत नाही, त्याने किती गमावले हे कशात मोजायचे? आणि डॉक्टरांनी चार तासांची मुभा दिली, पण चार तासांची नोकरीच कुठे मिळत नसेल, तर तो भार त्याने सोसायचा की विम्याने? गेली सव्वाशेहून अधिक वर्षे कायदे याच दोन प्रश्नांभोवती फिरत आहेत. जर्मनी, नेदरलँड्स आणि अमेरिका या तीन देशांनी त्यांची तीन वेगळी उत्तरे दिली.

सुरुवात जर्मनीत झाली. बिस्मार्कच्या काळात 22 जून 1889 रोजी अपंगत्व आणि वार्धक्य विम्याचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1891 पासून तो लागू झाला. निम्मी वर्गणी कामगाराची, निम्मी मालकाची आणि प्रत्येक पेन्शनमागे सरकारची वर्षाला 50 मार्कांची भर, अशी रचना होती. वार्धक्याचे पेन्शन सत्तराव्या वर्षी मिळत असे. तेवढे आयुष्य थोड्यांनाच लाभे, त्यामुळे या कायद्याचा खरा उपयोग अपंगत्वाच्याच बाजूने झाला. अपंगत्वाचे माप त्यात पैशात होते. सर्वसाधारण मजुरीच्या साधारण एक तृतीयांशही जो कमावू शकत नाही, तो अपंग. 1899 च्या दुरुस्तीने हे सूत्र स्वच्छ शब्दांत मांडले: त्याच भागातला, तशाच शिक्षणाचा निरोगी माणूस जे कमावतो, त्याच्या एक तृतीयांशापेक्षा कमी.

म्हणजे निम्मी ताकद गमावलेल्या कामगाराला काहीच मिळत नसे. कचेरीतल्या कर्मचाऱ्यांसाठी मात्र 1911 मध्ये वेगळा कायदा झाला आणि त्यात उंबरठा निम्म्यावर आणला गेला, तोही स्वतःच्या पेशाच्या हिशेबाने. हिशेबनीसाला आपल्या कामातली निम्मी क्षमता गमावली की पेन्शन मिळे. विणकराला दोन तृतीयांश गमावल्याशिवाय मिळत नसे. शरीर तेच आणि आजारही तोच, पण पोशाख वेगळा. हा फरक मिटवून कामगारांनाही निम्म्याचे माप लागू व्हायला 1949 उजाडले. 1957 च्या सुधारणेने मग दोन पेन्शने वेगळी केली: आपला पेशा करता येत नाही त्याचे एक आणि कुठलेच काम नीट करता येत नाही त्याचे दुसरे. खासगी विम्याच्या पॉलिसीत आजही ‘स्वतःचा व्यवसाय’ आणि ‘कोणताही व्यवसाय’ अशा दोन व्याख्या दिसतात. त्यामागचा वाद हाच आहे. अनेक पॉलिसी पहिली दोन वर्षे पहिली व्याख्या लावतात आणि नंतर दुसरीवर जातात. तिथेच चालू दावे बंद पडतात, कारण विमेदाराची प्रकृती तीच असली तरी प्रश्न बदललेला असतो.

नोकरीच उपलब्ध नसण्याचा मुद्दा जर्मनीत न्यायालयाने सोडवला. अर्धवेळ काम करू शकणाऱ्याला ‘तुम्ही अर्धवेळ करू शकता’ म्हणून परत पाठवणे सोपे होते. पण त्या काळी अर्धवेळ जागा फारच थोड्या होत्या. संघीय सामाजिक न्यायालयाच्या मोठ्या पीठाने आधी 1969 मध्ये आणि मग 10 डिसेंबर 1976 रोजी ठरवले की अर्जापासून वर्षभरात विमा संस्थेला किंवा रोजगार कार्यालयाला योग्य अशी अर्धवेळ जागा दाखवता आली नाही, तर बाजार त्याच्यासाठी बंद आहे असे धरायचे आणि पूर्ण पेन्शन द्यायचे. बेकारीचा बोजा त्यामुळे अपंगत्व विम्यावर आला. विमा संस्थांना हे रुचले नाही, पण माणसाच्या बाजूने पाहिले तर निकाल प्रामाणिक होता.

2001 पासून जर्मनीने पैशाचे माप सोडून तासांचे धरले. आठवड्यात पाच दिवस धरून रोज तीन तासांपेक्षा कमी काम शक्य असेल तर पूर्ण पेन्शन, तीन ते सहाच्या आत असेल तर अर्धे आणि सहा किंवा अधिक तास शक्य असतील तर काही नाही. पेशाचे संरक्षण 2 जानेवारी 1961 च्या आधी जन्मलेल्यांपुरतेच उरले. पात्रतेसाठी पाच वर्षांचा विमा लागतो आणि त्यातही अपंगत्व येण्याच्या आधीच्या पाच वर्षांत 36 महिन्यांची सक्तीची वर्गणी भरलेली असावी लागते. दुसरी अट अनेकांना उशिरा कळते. आजारपणात नोकरी सोडून काही वर्षे स्वतंत्र धंदा केला आणि वर्गणी थांबवली, तर आधीची पंधरा वर्षे भरलेली असूनही दावा फेटाळला जाऊ शकतो.

चार तास काम करू शकणाऱ्याचे पूर्ण पेन्शन 1,000 युरो बसत असेल, तर त्याला हक्काने 500 युरो मिळतात आणि उरलेले त्याने अर्धवेळ कामातून मिळवावेत अशी कल्पना आहे. असे काम नसेल तर 1976 चा निकाल अजून लागू होतो आणि त्याला पूर्ण 1,000 मिळतात. मात्र बाजारामुळे मिळालेले हे पूर्ण पेन्शन ठरावीक मुदतीचेच राहते, एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचे, आणि दर मुदतीला पुन्हा अर्ज करावा लागतो. एक सापळाही आहे. पूर्ण पेन्शनवाल्याला वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंतच कमावता येते; 2025 मध्ये ती 19,661.25 युरो होती. ती मर्यादा पाळूनही त्याने रोज चार तासांचे काम धरले, तर तो तीन तासांपेक्षा जास्त काम करू शकतो हे त्याने स्वतःच सिद्ध केले असे ठरू शकते. कमाईची मर्यादा आणि तासांची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नेदरलँड्सने उलट टोकापासून सुरुवात केली. 1 जुलै 1967 रोजी लागू झालेल्या त्यांच्या कायद्याने अपंगत्व कामावर आले की घरी, हे विचारणे बंद केले आणि उंबरठा अवघ्या 15 टक्क्यांवर ठेवला. त्याच्या वर टक्केवारीचे गट होते आणि पूर्ण अपंगाला पगाराच्या 80 टक्के मिळत. शिवाय अर्धवट अपंगाला नोकरी मिळणे अवघड जाते असे गृहीत धरून त्याला बहुधा पूर्ण अपंगच ठरवले जाई. सत्तरच्या दशकात कारखाने बंद पडू लागले तेव्हा मालक आणि कामगार संघटना दोघांनाही हा मार्ग सोयीचा वाटला, कारण बेकार भत्त्यापेक्षा ही रक्कम चांगली आणि दीर्घ काळ चालणारी होती. 1990 च्या सुमारास लाभार्थी दहा लाखांच्या उंबरठ्याशी आले आणि पंतप्रधान रुड लुबर्स यांनी देश आजारी असल्याचे जाहीरपणे म्हटले. अर्धवट अपंगाला पूर्ण अपंग धरण्याचे ते गृहीतक त्याआधीच, 1987 मध्ये, कायद्यातून काढले गेले होते. नंतर निकष एकामागून एक कडक होत गेले.

2006 पासून तिथे 35 टक्क्यांपेक्षा कमी नुकसान असेल तर काहीच मिळत नाही. ही टक्केवारी शरीराची नसते, पगाराची असते. विमा डॉक्टर काय जमते आणि काय जमत नाही याची यादी करतात. मग रोजगार तज्ज्ञ त्या यादीत बसणारी कामे शोधतात आणि त्यांतून ताशी किती मिळू शकेल ते काढतात. ती कामे रिकामी असण्याची गरज नाही, अस्तित्वात असली की पुरे. सारख्याच आजाराची दोन माणसे घेऊ. एकजण ताशी 30 युरो कमावत होता, दुसरा 20. दोघांनाही आता पूर्णवेळ पण हलकेच काम जमते आणि त्याचे ताशी 15 मिळतात. पहिल्याचे नुकसान 50 टक्के ठरते आणि तो पात्र होतो. दुसऱ्याचे 25 टक्के, म्हणून त्याला नकार मिळतो. कमी पगारवाल्याला गमावायलाच कमी असते, आणि या पद्धतीवरचा सर्वांत रास्त आक्षेप हाच आहे.

दुसऱ्या माणसाचे चित्र पालटते ते तासांच्या बंधनाने. आठवड्याला 40 ऐवजी 20 तासच काम करावे असे डॉक्टरांनी नोंदवले, तर 15 युरोंचा दर हिशेबात 7.50 होतो आणि नुकसान 62.5 टक्क्यांवर जाते. हे बंधन मात्र तीनच कारणांनी मिळते: शरीरात तेवढी शक्ती नाही, जास्त काम केल्यास प्रकृती बिघडेल, किंवा उपचारांत वेळ जातो. म्हणून ‘तीव्र थकवा’ एवढेच लिहिलेले प्रमाणपत्र निरुपयोगी ठरते. कामानंतर किती तास झोपावे लागते आणि सलग दोन दिवस काम केल्यास तिसऱ्या दिवशी काय होते, अशा नोंदींनी फरक पडतो.

पात्र ठरल्यावरही एक पायरी उरते. पगाराशी जोडलेला सुरुवातीचा काळ संपला की उरलेल्या क्षमतेच्या निम्मे तरी प्रत्यक्ष कमवावे लागते. समजा जुना पगार महिना 3,400 युरो आणि उरलेली क्षमता 1,300. तो 650 ते 1,300 च्या दरम्यान कमावत असेल तर गमावलेल्या 2,100 च्या 70 टक्के, म्हणजे 1,470 युरो मिळतात. 650 च्या खाली घसरला तर आधार पगाराचा राहत नाही, किमान वेतनाच्या 42 टक्केच मिळतात. नोकरी गेली की पेन्शनही आटते, असा याचा अर्थ होतो.

अमेरिकेने अर्धे पेन्शन कधी स्वीकारलेच नाही. 1920 आणि 30 च्या दशकांत खासगी कंपन्यांना अपंगत्व विम्यात मोठे तोटे झाले होते, त्यामुळे सरकारी योजनेची भीती बराच काळ टिकली. 1956 मध्ये योजना आली ती फक्त 50 ते 64 वयोगटासाठी. खालची वयोमर्यादा 1960 मध्ये गेली आणि आजार निदान 12 महिने टिकावा ही अट 1965 मध्ये आली. 1967 मध्ये संसदेने असे काम देशात अस्तित्वात आहे एवढेच पाहायचे असे स्पष्ट लिहिले; जवळपास जागा आहे का किंवा या माणसाला कुणी घेईल का, हे पाहायचे नाही. जर्मन न्यायालयाच्या नऊ वर्षांनंतरच्या उत्तराच्या हे नेमके उलट आहे.

तरी एक विरोधाभास चार तासवाल्याच्या पथ्यावर पडतो. तिथे क्षमता मोजताना आठवड्यात पाच दिवस, रोज आठ तास, सातत्याने काम जमते का, असे विचारतात. ते जमत नसेल तर माणूस वैद्यकीयदृष्ट्या पूर्ण अपंग ठरू शकतो. पुढे त्याला कड्यावरून चालावे लागते. 2025 मध्ये अंध नसलेल्यांसाठी कमाईची मर्यादा महिना 1,620 डॉलर होती. आधी नऊ महिने काम करून पाहण्याच्या चाचणीचे मिळतात आणि त्यांत कमाई कितीही असली तरी पेन्शन चालू राहते. ठरावीक रकमेच्या, 2025 मध्ये 1,160 डॉलरच्या, वर कमावलेला महिना त्यात मोजला जातो आणि हे नऊ महिने सलग असण्याची गरज नसते. त्यानंतर 1,500 डॉलर पेन्शन असलेल्याने 1,600 कमावले तर हाती एकूण 3,100 येतात. पुढे 1,640 कमावले, तर मर्यादा ओलांडलेला पहिला महिना आणि त्यापुढचे दोन महिने सवलतीचे धरून झाल्यावर हाती फक्त 1,640 उरतात. कामाचे तास वाढल्याचे वेळीच कळवले नाही, तर कार्यालयाला ते महिन्यांनी समजते आणि तोवर दिलेली सगळी रक्कम परत मागितली जाते. म्हणून पगाराच्या पावत्या दर महिन्याला पाठवणे आणि पोच जपून ठेवणे अर्जाइतकेच महत्त्वाचे आहे. आजारामुळे लागणारा, स्वतःच्या खिशातून केलेला काही खर्च, उदाहरणार्थ औषधे किंवा खास वाहन, मोजल्या जाणाऱ्या कमाईतून वजा होतो. वरच्या उदाहरणात अशा 40 डॉलरच्या पावत्या जोडल्या असत्या तर कमाई 1,600 च मोजली गेली असती.