मार्चमधला वाढदिवस मे महिन्यात कसा गेला?

इंदूरच्या आमच्या मंडळात सभासदांना वाढदिवसाला फोन करायची जुनी पद्धत आहे. ३ मेच्या सकाळी मी सुदामा नगरातल्या एका काकूंना फोन लावला. शुभेच्छा ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, माझा वाढदिवस ५ मार्चला होऊन गेला. तेव्हा कुणाचाच फोन आला नाही. मला वाटलं, मंडळ विसरलं मला."

मी जुनं रजिस्टर काढलं. त्यात काकूंच्या नावापुढे ०५/०३/१९५२ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. संगणकावरच्या यादीत `5/3/1952` दिसत होतं. दोन्ही शेजारी ठेवून कितीही वेळा वाचलं तरी फरक सापडेना. तरीही वाढदिवसांची यादी करताना एक्सेलने काकूंना मे महिन्यात बसवलं होतं.

हे समजायचं तर स्प्रेडशीटच्या एका चौकोनात काय असतं ते आधी पाहावं लागतं. चौकोनात एक गोष्ट साठवलेली असते आणि दुसरी दिसते. तारीख साठवताना एक्सेल दिवस, महिना, वर्ष असं काही ठेवत नाही, एकच आकडा ठेवतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, दुसऱ्या दिवशी २, आणि असंच पुढे. १५ ऑगस्ट १९४७ म्हणजे `17394`. पडद्यावर तारीख दिसते ती या आकड्यावर चढवलेला पोशाख असते. चौकोनाचं फॉरमॅट `General` केलं की पोशाख उतरतो आणि आतला आकडा दिसतो. तारीख एखाद्या वाक्याला जोडली, तरी तेच होतं:

```
="जन्म: "&B2
```

`B2` मध्ये काकूंची तारीख होती, म्हणून याचं उत्तर `जन्म: 19117` असं येतं. पुष्कळ लोक इथे घाबरतात, पण तारीख बिघडलेली नसते. `TEXT(B2,"dd-mm-yyyy")` असं लिहिलं की ती पुन्हा वाचता येते. मला तर हा आकडा दिसला की बरं वाटतं, कारण तो खोटं बोलत नाही. ५ मार्च १९५२ चा आकडा `19058` असायला हवा होता. काकूंच्या चौकोनात `19117` होता, म्हणजे ५९ दिवस पुढचा, ३ मे १९५२. बिघाड दाखवण्यात नव्हता, साठवण्यातच होता.

या दिवसमोजणीत एक जुनी चूकही मुरलेली आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेलच्या हिशेबात २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे आणि त्याचा आकडा ६०. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या प्रोग्रॅममध्ये ही चूक होती. त्याच्या फायली एक्सेलमध्ये जशाच्या तशा चालाव्यात म्हणून ती जाणूनबुजून ठेवली गेली. १ मार्च १९०० नंतरच्या तारखांना तिचा त्रास नाही. पण १९०० च्या आधीची तारीख एक्सेलला तारीख वाटतच नाही, ती नुसती अक्षरं म्हणून राहते. शंभर वर्षं जुन्या संस्थेच्या संस्थापकांच्या जन्मतारखा भरताना हे आठवणीत ठेवायला हवं.

तर `19117` आला कुठून? आमची यादी जुन्या सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही फाईल म्हणून निघाली होती. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळा केलेला साधा मजकूर. अमुक रकाना तारखेचा, तमुक फोन नंबरचा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. फाईलवर डबल क्लिक केलं की प्रत्येक मजकूर काय असावा हे एक्सेल स्वतःच ठरवतो, आणि तारखेच्या बाबतीत तो विंडोजमधल्या `Region` ची सेटिंग पाहतो. मंडळाच्या नव्या संगणकात तिथे `English (United States)` होतं. अमेरिकेत महिना आधी लिहितात. म्हणून `05/03/1952` हे पाचव्या महिन्याची तीन तारीख म्हणून वाचलं गेलं, आणि पडद्यावर अमेरिकी पद्धतीने पुन्हा `5/3/1952` असं दाखवलं गेलं. आपण ते आपल्या पद्धतीने वाचतो आणि सगळं ठीक आहे असं समजतो.

आता २५ मार्चला जन्मलेल्यांचं काय झालं ते पाहा. `25/03/1952` अमेरिकी पद्धतीने वाचायचं तर पंचविसावा महिना लागतो. तो नाही, म्हणून एक्सेलने ती तारीख मानलीच नाही आणि अक्षरं म्हणून तशीच ठेवली. अशा तारखेचा महिना विचारला की `#VALUE!` येतं. आमच्या महिनावार यादीतून ही माणसं गळूनच गेली होती. चुकीच्या दिवशीही त्यांना फोन गेला नाही.

याचा हिशेब मांडता येतो. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी १४४ दिवस प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा तारखांत येतात. तेवढेच तारीख म्हणून स्वीकारले जातात. त्यांपैकी १/१, २/२, ३/३ अशा १२ तारखा उलटल्या तरी बदलत नाहीत. उरलेल्या १३२ गुपचूप चुकतात आणि बाकीच्या २२१ अक्षरं म्हणून पडून राहतात. चारशे सभासदांच्या यादीत म्हणजे सुमारे १४५ तारखा चुकीच्या, सुमारे २४० निरुपयोगी, आणि योगायोगाने बरोबर फक्त तेराएक.

हा बिघाड ओळखायची खूण डोळ्यांसमोरच असते. रकान्याचं अलाइनमेंट आपण बदललेलं नसेल, तर आकडे चौकोनात उजवीकडे चिकटतात आणि अक्षरं डावीकडे. तारखांच्या एकाच रकान्यात काही डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजावं. मोजूनही पाहता येतं:

```
=COUNT(B2:B401)
=COUNTA(B2:B401)
```

पहिलं सूत्र फक्त आकडे मोजतं, दुसरं भरलेले सगळे चौकोन. रिकामा चौकोन नसेल तर दोन्हींचं उत्तर ४०० यायला हवं. पहिल्याचं १६० च्या आसपास आलं, तर नेमकं हेच झालेलं आहे. वर्गणीच्या रकान्यालाही हीच तपासणी लावावी. एखादा ५०० अक्षरं म्हणून साठवलेला असेल तर `SUM` त्याला बेरजेत घेत नाही आणि तक्रारही करत नाही. गंमत अशी की `=C2+C3` असं लिहिलं तर तोच ५०० आकडा म्हणून घेतला जातो, त्यामुळे दोन बेरजा जुळत नाहीत आणि माणूस पावत्या शोधत बसतो.

दुरुस्तीची सर्वांत चांगली वाट म्हणजे मूळ सीएसव्ही पुन्हा नीट आत घेणं. ती हाताशी नसेल तर शेजारच्या रकान्यात हे सूत्र चालतं:

```
=IF(ISNUMBER(B2),
 DATE(YEAR(B2),DAY(B2),MONTH(B2)),
 DATE(RIGHT(B2,4),MID(B2,4,2),LEFT(B2,2)))
```

चौकोनात आकडा असेल तर दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते, अक्षरं असतील तर तुकडे करून तारीख जोडली जाते. पण एक अट आहे. सगळ्या ओळी एकाच रीतीने बिघडलेल्या असायला हव्यात. मधल्या काळात कुणी पाचदहा तारखा हाताने सुधारल्या असतील, तर हे सूत्र त्या पुन्हा बिघडवेल. आकडा असलेल्या एखाद्या ओळीत `DAY` चं उत्तर १२ पेक्षा मोठं आलं, तर हात लागलेला आहे हे नक्की. पण कुणी ५ मार्च हाताने बरोबर केला असेल तर ते कोणत्याही सूत्राला कळणार नाही. आमच्या यादीत तसं घडलं होतं, आणि त्यासाठी दोन संध्याकाळी रजिस्टर मांडीवर घेऊन एकेक ओळ लावून पाहावी लागली.

त्याच बसण्यात फोनचा रकानाही उघडा पडला. इंदूरचा एसटीडी कोड ०७३१, आणि त्यापुढे सात आकडी लँडलाइन नंबर. एक्सेलच्या दृष्टीने हा सगळा एक मोठा आकडा. आकड्याच्या सुरुवातीच्या शून्याला किंमत नसते, म्हणून तो टाकून दिला जातो. उरतात दहा आकडे, ७३१ ने सुरू होणारे, म्हणजे दिसायला थेट मोबाईल नंबर. आमच्या एका कार्यकर्त्याने असे कित्येक नंबर मोबाईल समजून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घालायचा प्रयत्न केला आणि ज्येष्ठ सभासदांचे नंबर बंद झाले असं समजून त्यांच्यावर काट मारली. ग्वाल्हेरच्या ०७५१ चंही तेच होईल. वडोदऱ्याच्या ०२६५ चा शून्य गेला तर निदान २ ने सुरू होणारा मोबाईल नसतो म्हणून शंका तरी येते.

गेलेला शून्य परत आणायला रकान्याचं फॉरमॅट `Text` करून काही होत नाही. पोशाख बदलतो, आतला आकडा तोच राहतो. सभासद क्रमांक सगळे चार आकडी असतील, तर `=TEXT(A2,"0000")` हे सूत्र ४७ चा पुन्हा ००४७ करून देतं, कारण किती शून्य गेले हे लांबीवरून कळतं. लँडलाइन आणि मोबाईल एकाच रकान्यात असतील तर लांबीवरून काहीच कळत नाही. बँकेचा सोळा-सतरा आकडी खाते क्रमांक तर कायमचाच जातो. एक्सेल पहिले १५ आकडे ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक जागी शून्य लिहितो.

जनुकशास्त्रातल्या लोकांनाही हा ताप चुकला नाही. `SEPT2` आणि `MARCH1` ही जनुकांची नावं एक्सेल तारखा समजत असे. २०१६ मध्ये छापलेल्या एका तपासणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा चुका सापडल्या. शेवटी नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं `SEPTIN2` आणि `MARCHF1` अशी बदलली, आणि २०२० मध्ये नियमांतही तशी सोय केली. २०२३ मध्ये एक्सेलमध्ये `File` > `Options` > `Data` इथे आपोआप होणारी काही रूपांतरं बंद करायची सोय आली. शून्य वाचवायला ती उपयोगी आहे, पण `05/03/1952` कसं वाचायचं हा प्रश्न ती सोडवत नाही.

म्हणून आम्ही आता सीएसव्हीवर डबल क्लिक करत नाही. कोरी फाईल उघडून `Data` > `From Text/CSV` मधून ती आत घेतो आणि `Data Type Detection` मध्ये `Do not detect data types` निवडतो. मग सगळे रकाने अक्षरं म्हणून येतात, शून्यांसह. फोन, सभासद क्रमांक आणि खाते क्रमांक तसेच ठेवतो, कारण त्यांची बेरीज कुणी करणार नाही. वर्गणीचा रकाना आकड्यांत बदलतो. तारखा तुकडे करून `DATE` ने जोडतो आणि वर्ष आधी, मग महिना, मग दिवस अशा दाखवतो. त्या काकूंच्या ओळीत आता `1952-03-05` आहे.