व्यवसाय कर : पगारातील कपात व भरणा

महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्यांवरील कर अधिनियम, १९७५ अन्वये पगारदारांच्या पगारातून कापला जाणारा राज्याचा कर. मुंबईत त्याचा कारभार माझगावच्या जीएसटी भवनातून चालतो.

या कराचे मूळ काही जण ब्रिटिशकालीन नगरपालिकांच्या धंदेपट्टीत पाहतात. ते नाकारता येत नाही. मात्र आजच्या कराची ओळख ठरलेली कमाल मर्यादा वेगळ्या प्रसंगातून आली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. संयुक्त प्रांताने १९३९ च्या सुमारास नोकरीवर कर बसवू पाहिला, तेव्हा तो केंद्राच्या आयकराशी भिडला. त्यावर उपाय म्हणून १९३५ च्या कायद्यात १४२-अ हे कलम घालून दरडोई वर्षाला ५० रुपयांची मर्यादा आखली गेली. संविधानाच्या अनुच्छेद २७६ मध्ये ती २५० रुपये झाली आणि १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० वर गेली. महिन्याला २०० रुपये कापून फेब्रुवारीत ३०० का कापतात, याचे उत्तर या आकड्यात आहे : अकरा महिन्यांचे २,२०० आणि वरचे ३००.

दहा हजारांवरील पगाराला हा दर लागतो. महिलांना एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत करमाफी आहे.

कायद्याचे चौथे कलम मालकाला बांधते. त्याने कपात केली असो वा नसो, भरण्याची जबाबदारी त्याचीच. म्हणून कापलेली रक्कम मालकाचे उत्पन्न नसते, आणि भरलेली रक्कम त्याचा खर्चही नसतो. अंधेरीतील एखाद्या कार्यालयात ४८ माणसे आहेत असे धरू : १५,००० वर पगार असलेले ४० पुरुष, ३०,००० च्या ४ महिला, २२,००० च्या ४ महिला. शेवटच्या चौघींना कर नाही. उरलेल्या ४४ जणांचे ८,८०० रुपये होतात. पगाराच्या दिवशी पूर्ण पगार वेतन खात्याला नावे पडतो. ८,८०० ‘व्यवसाय कर देय’ खात्याला जमा होतात, बाकी (इतर कपाती वगळता) कर्मचाऱ्यांना मिळते. चलन भरले की देय खाते नावे, बँक जमा.

चूक बहुधा दुसऱ्या नोंदीत होते. चलनाची रक्कम ‘दर व कर’ या खर्चात टाकली की देय खाते मिटत नाही आणि तेरजेत महिन्यागणिक ८,८०० ने फुगत जाते. खर्चही तितकाच जास्त दिसतो. भरणा वेळेवर असेल, तर चलनानंतर या खात्यात फक्त न भरलेल्या महिन्याचीच शिल्लक राहायला हवी. दुसरी चूक फेब्रुवारीची. पगारपत्रकात दर २०० वरच राहिला तर ४,४०० रुपये कमी कापले जातात. खाते मात्र जुळलेलेच दिसते, कारण कपात आणि भरणा दोन्ही सारखेच चुकलेले असतात. ही तूट देय खात्यात सापडत नाही, वर्षाच्या बेरजेत सापडते : ४४ गुणिले २,५०० म्हणजे १,१०,००० हव्यात, तिथे १,०५,६०० येतात. तूट मालकाच्या माथी येते, उशीर झाल्यास व्याजासह.

फेब्रुवारीच्या पगारातील कर ३१ मार्चपर्यंत भरायचा असतो. वर्षाचे दायित्व कमी असलेल्या मालकांना महिन्याऐवजी वार्षिक विवरणपत्राची मुभा आहे. मालकाचा स्वतःचा व्यवसाय कर निराळा. त्यासाठी पीटीईसी हे वेगळे प्रमाणपत्र असते, तर कपातीचा भरणा पीटीआरसी क्रमांकावर होतो.