खोटे गुण पुसायचे कसे?

समजा, म्हापशाच्या एका कॉलेजातली मानसशास्त्राची विद्यार्थिनी प्रकल्प करते आहे. अपयश कळल्यावर माणूस पुढच्या कोड्याशी किती वेळ झुंजतो, हे तिला बघायचं आहे. ती प्रत्येकाला २० शब्दकोडी देणार, मग निम्म्यांना ‘१६ बरोबर’ आणि निम्म्यांना ‘५च बरोबर’ असं सांगणार. आकडे आधीच ठरलेले. शेवटी ‘ते खोटं होतं’ म्हटलं की झालं, असा तिचा हिशेब.

हा हिशेब १९७५ सालीच चुकीचा ठरला आहे. ली रॉस, मार्क लेपर आणि मायकेल हबर्ड या मानसशास्त्रज्ञांनी सहभागींना आत्महत्येपूर्वी लिहिलेल्या चिठ्ठ्यांच्या २५ जोड्या दिल्या. प्रत्येक जोडीतली एक चिठ्ठी खरी, एक बनावट, खरी ओळखायची. मग काहींना २४ बरोबर आल्याचं सांगितलं, काहींना १०. दोन्ही आकडे मनाने ठरवलेले. नंतर ते खोटे होते हे स्पष्ट सांगितलं, तरी ‘२४’वाले स्वतःला या कामात हुशार समजत राहिले आणि ‘१०’वाले कच्चे. कारण आकडा ऐकताच माणूस त्याला स्वतःची कारणं जोडतो: ‘मला पहिल्यापासून हे जमतच नाही.’ आकडा काढून घेतला तरी ती कारणं उरतात. हा समज चिकटून कसा राहतो, हेही ज्यांना समजावून सांगितलं, त्यांच्यात मात्र परिणाम बहुतांशी पुसला गेला.

म्हणून नैतिकता समितीने तिचा प्रस्ताव परत पाठवला, तर मला नवल वाटणार नाही. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा समितीत संशोधक नसलेला एक सामान्य माणूसही असतो, आणि बरेचदा नेमका प्रश्न तोच विचारतो: ‘माझ्या मुलीला असं सांगितलंत तर?’

संमतीपत्रात गुण खोटे असतील हे लिहिता येणार नाही, प्रयोगच मोडेल. पण ‘काही माहिती शेवटी दिली जाईल, मध्येच उठून गेलात तरी चालेल’ हे लिहिता येतं. जे कळलं असतं तर माणूस आलाच नसता, ते मात्र लपवायचं नाही. आणि हे पत्र वर्गावर शिकवणाऱ्या सरांनी वाटू नये; गुण ज्यांच्या हातात, त्यांना नाही कोण म्हणणार?

खुलासा त्याच बैठकीत व्हावा, दुसऱ्या दिवशीच्या व्हॉट्सॲपवर नव्हे. आधीच छापलेली ‘५’ची चिठ्ठी समोर ठेवावी, समज कसा चिकटतो ते सांगावं आणि सगळं कळल्यावर ‘तुमची माहिती वापरू का?’ असं पुन्हा विचारावं. मग शेवटचा प्रश्न: ‘अशीच आणखी २० कोडी दिली तर किती सुटतील?’ दोन्ही गटांच्या सरासरी उत्तरांत अजून ठळक फरक असेल, तर खुलासा पोचलेला नाही. तो पुन्हा करायचा.

गोव्यात आणखी एक पंचाईत आहे. सकाळचा सहभागी दुपारच्या सहभागीला कॅन्टीनमध्ये भेटतोच. त्याला गुपित राखण्याची विनंती करता येते, सक्ती नाही. त्यामुळे दुपारच्यांना ‘आधी काही ऐकलं होतं का?’ हे विचारून ते उत्तर नोंदवावं लागतं.