नाणेबाजार आणि धोरणदराचे संक्रमण

एक दिवसापासून एक वर्षापर्यंतच्या मुदतीने पैशाची देवघेव होते तो नाणेबाजार. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना तारणावर अल्पमुदतीचे कर्ज देते तो रेपो दर, म्हणजेच तिचा धोरणदर, इतर व्याजदरांपर्यंत पोहोचतो तो प्रथम या बाजारातून. त्याचे तीन प्रमुख भाग म्हणजे कॉल मनी, ट्रेझरी बिल आणि कमर्शियल पेपर.

कॉल मनी म्हणजे बँका आणि सरकारी रोख्यांचे प्राथमिक व्यापारी यांच्यातले एका रात्रीचे विनातारण कर्ज. ठेवींचा ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवण्याचे बंधन, म्हणजे रोख राखीव प्रमाण, पाळताना एखाद्या बँकेला रक्कम कमी पडली की ती इथून उचलते. पैसा महाग होऊ लागला तर बँका रिझर्व्ह बँकेच्या मार्जिनल स्टँडिंग फॅसिलिटीकडे, म्हणजे रेपोपेक्षा चढ्या दराने एका रात्रीचे कर्ज देणाऱ्या एमएसएफकडे, वळतात. त्यामुळे एमएसएफचा दर हे एरवी कॉल दराचे छत असते. रेपो मात्र बाजाराला पुरेसा पैसा मिळत असेल तरच कॉल दराला आपल्याजवळ खेचून ठेवतो.

ही अट किती महत्त्वाची आहे ते 2013 मध्ये दिसले. रुपया घसरत असताना रिझर्व्ह बँकेने 15 जुलैला एमएसएफचा दर 8.25 वरून 10.25 टक्के केला, रेपो 7.25 टक्क्यांवरच ठेवला. आठवड्याभराने रेपोवर मिळणारी रक्कम प्रत्येक बँकेच्या ठेवींच्या सुमारे अर्ध्या टक्क्यापुरती मर्यादित केली. रेपोचा पैसा आटला, तशा बँका एमएसएफकडे गेल्या आणि कॉल दर 10.25 च्या आसपास जाऊन बसला. जाहीर धोरणदर जागचा हललाही नव्हता, तरी खरा धोरणदर तीन टक्क्यांनी वाढला होता.

रात्रीचा पैसा सव्वादहा टक्क्यांनी घ्यावा लागत असताना तीन महिन्यांचे सरकारी बिल साडेसात टक्क्यांनी कोण घेईल? हे बिल म्हणजेच ट्रेझरी बिल, सरकारचे अल्पमुदतीचे कर्जपत्र; त्यावर वेगळे व्याज मिळत नाही. ते कमी किमतीत घ्यायचे आणि मुदतीअंती 100 रुपये मिळवायचे. 91 दिवसांचे बिल 98.16 रुपयांना मिळाले तर 1.84 रुपयांचा नफा वर्षाच्या हिशेबाने साडेसात टक्के पडतो. किंमत 97.28 झाली की तोच परतावा 11.2 टक्के होतो. किमतीत 88 पैशांचाच फरक. जुलैमधल्या या निर्णयांनंतरच्या लिलावांत 91 दिवसांच्या बिलांचा परतावा खरोखरच 11 टक्क्यांच्या वर गेला.

कमर्शियल पेपर ही कंपन्यांची विनातारण वचनचिठ्ठी. भारतात ती 1990 पासून आहे. तिचा दर म्हणजे ट्रेझरी बिलाचा परतावा आणि त्यावर कंपनी परतफेड चुकवेल या जोखमीची भर. म्हणून 2013 मध्ये हे दरही बिलांच्या मागोमाग चढले. पण ही जोखीम रिझर्व्ह बँकेच्या हातात नसते. सप्टेंबर 2018 मध्ये पायाभूत सुविधांना वित्तपुरवठा करणाऱ्या आयएल अँड एफएस समूहाने कमर्शियल पेपरची परतफेड चुकवली, तेव्हा बिगरबँक वित्तकंपन्यांना पैसा महाग झाला. अशा वेळी कमर्शियल पेपर आणि ट्रेझरी बिल यांच्या दरांतले अंतर पाहावे: दोन्ही एकत्र चढले तर कारण बहुधा पैशाच्या टंचाईत असते, अंतर रुंदावले तर ते विश्वासाच्या टंचाईत शोधावे लागते.

20 सप्टेंबर 2013 रोजी एमएसएफचा दर 9.5 टक्के झाला आणि रेपो 7.5 टक्के. ऑक्टोबरअखेर हे दर 8.75 आणि 7.75 वर आले. दोघांमध्ये पूर्वीसारखे एका टक्क्याचे अंतर उरले.