निव्वळ क्षेत्रफळ (आडवीतिडवी भोके असलेली ताणपट्टी)

ओढ सहन करणाऱ्या पोलादी पट्टीत बोल्टसाठी भोके पाडली की तिथला छेद कमी होतो. भोके वजा जाऊन उरलेल्या छेदाला निव्वळ क्षेत्रफळ म्हणतात. सगळी भोके एका आडव्या रेषेत असली तर काम एका वजाबाकीचे असते. ती पुढेमागे सरकवून पाडली की पट्टी कोणत्या वाटेने फाटेल हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. सरळ वाटेवर भोके कमी लागतात, पण वाट आखूड असते. नागमोडी वाट लांब, पण तिच्यावर भोके जास्त. सर्वांत दुबळी ठरणारी वाट म्हणजे निर्णायक मार्ग.

रूढ सूत्र असे आहे:

```
An = [ b − n·d + Σ s²/(4g) ] · t
```

इथे b ही रुंदी, t जाडी, d भोकाचा व्यास आणि n त्या वाटेवरची भोके. वाटेच्या प्रत्येक तिरप्या तुकड्यासाठी एक भर मिळते. तीत s म्हणजे दोन भोकांमधले ओढीच्या दिशेतले अंतर (स्टॅगर) आणि g म्हणजे ओढीला काटकोनातले अंतर (गेज). या दोघांची अदलाबदल ही नेहमीची चूक. हा नियम व्ही. एच. कॉक्रेन यांनी १९२२ साली मांडला आणि आजच्या बहुतेक संहितांत तोच आहे.

ही भर भूमितीतून थेट येत नाही. s = ४० मिमी आणि g = ५० मिमी असताना तिरपी रेषा ६४ मिमी भरते, म्हणजे गेजपेक्षा १४ मिमी जास्त. नियम मात्र ८ मिमीच देतो. तिरप्या छेदावर निव्वळ ताण नसतो, सोबत कातरही येतो. त्यामुळे वाढलेली सगळी लांबी कामी येत नाही. सूत्र अंदाजी आहे, पण वापरायला इतके सोपे की अधिक काटेकोर पर्याय मागेच पडले.

२०० मिमी रुंद, १० मिमी जाड पट्टी घेऊ. बोल्ट २० मिमीचे, भोके २२ मिमीची. बोल्टच्या तीन ओळी, कडा आणि ओळी सगळ्या एकमेकींपासून ५० मिमीवर. ओढीच्या बाजूने पाहता आधी कडेच्या ओळींवरचे अ आणि क हे बोल्ट समोरासमोर येतात, त्यांच्यामागे ४० मिमीवर मधल्या ओळीत ब, आणि आणखी ४० मिमीवर पुन्हा कडेचे दोन. अ–क ही सरळ वाट २०० − ४४ = १५६ मिमी देते. अ–ब–क ही नागमोडी वाट २०० − ६६ + ८ + ८ = १५० मिमी. अ–ब करून थेट कडेला जाणारी वाट १६४ मिमी. निर्णायक अ–ब–क, निव्वळ क्षेत्रफळ १५०० चौ. मिमी. भोकाऐवजी बोल्टचाच व्यास, २० मिमी, धरला असता तर हाच आकडा १५६ मिमी येऊन ताकद ४ टक्क्यांनी फुगली असती.

आता स्टॅगर ५० मिमी करा. प्रत्येक तिरप्या तुकड्याची भर १२.५ मिमी होते, नागमोडी वाट १५९ मिमीवर जाते आणि निर्णायकपण सरळ वाटेकडे येते. बदल होतो तो दोन तुकड्यांची मिळून भर एका भोकाएवढी, म्हणजे २२ मिमी, होते तिथे. या पट्टीत s सुमारे ४७ मिमी असताना. त्यापलीकडे भोके आणखी लांब सरकवून काही पदरात पडत नाही, कारण सरळ वाटेचे १५६ मिमी तसेच राहतात.

फक्त रुंदी मोजून थांबणे मात्र पुरेसे नाही. वाटेच्या ओढीकडच्या बाजूला जे बोल्ट राहतात त्यांनी आपला वाटा आधीच काढून घेतलेला असतो. समजा स्टॅगर ५० मिमीच आहे, पण चारच बोल्ट आहेत आणि क्रम उलटा: आधी मधला ब, मग अ–क, शेवटी पुन्हा मधला. बोल्ट सारखा भार उचलतात असे धरले तर अ–क या वाटेवर तीन चतुर्थांशच भार पोचतो. तिचे १५६ मिमी ÷ ०.७५ म्हणजे २०८ मिमीच्या तोडीचे झाले. एकट्या ब मधून जाणारी वाट पूर्ण भार घेते, पण ती १७८ मिमीची आहे. अ–ब–क हीदेखील पूर्ण भार घेते, आणि तिचे १५९ मिमी आता सर्वांत कमी ठरतात. भोकांचा व्यास तोच, अंतरे तीच. नुसत्या क्रमाने निर्णायक मार्ग बदलला. म्हणून तुलना रुंदीची नव्हे, तर रुंदीला त्या वाटेवरच्या भाराच्या अंशाने भागून आलेल्या आकड्यांची करायची.

कोनी छडीला हेच सूत्र लावताना तिच्या दोन्ही भुजा सपाट उलगडल्या असे मानतात. एका भुजेवरच्या भोकापासून दुसऱ्या भुजेवरच्या भोकापर्यंतचे गेज, म्हणजे कोपऱ्याच्या बाहेरच्या कडेपासून मोजलेल्या दोन्ही अंतरांची बेरीज वजा एक जाडी. टोकाला बोल्टांच्या गटासकट अख्खा तुकडा निखळण्याची शक्यता या सूत्रात येत नाही. ती वेगळी तपासावी लागते.